चार आठवड्यांचा खंड, स्क्वॉट ८० वरून ६५ वर: नेमकं काय गेलं?

श्रावणसर
नमस्कार मंडळी. वय ३६, तीन वर्षं झाली वजनं उचलतेय, आठवड्यातून तीन दिवस. घरात आजारपण आलं आणि सलग चार आठवडे बारला हात लागला नाही. थांबण्याआधीचे आकडे वहीत आहेत: स्क्वॉट ८० किलो, ५ रेप्सचे ३ सेट, बेंच ४२.५, डेडलिफ्ट १०० चे ५.

काल परत गेले. ६० पर्यंत ठीक वाटलं. ६५ लावले तर पहिले दोन सेट कसेबसे झाले आणि तिसऱ्यात चौथ्या रेपनंतर बार रॅकवर ठेवावा लागला. वर येताना एवढं जाणवलं नाही, पण खाली जाताना पाय थरथरत होते. शरीराचं वजन ६३ वरून ६१.४ झालंय आणि मांडीचा घेर टेपवर १ सेंटिमीटरने कमी भरला.

८० वरून ६५ म्हणजे जवळजवळ वर्षभराची कमाई गेली असं वाटून रात्री झोप लागली नाही. खरंच एवढं जातं का? आणि परत यायला किती दिवस लागतील?

रानवारा
अजिबात घाबरू नकोस. मसल मेमरी म्हणतात ती हीच. स्नायू वाढताना त्याच्या तंतूंमध्ये नवी केंद्रकं येतात, आणि स्नायू बारीक झाला तरी ती जात नाहीत. कारखाना उभाच असतो, फक्त वीज बंद असते. म्हणून मी ब्रेकनंतर पहिल्याच दिवशी जुनं वजन लावतो. शरीराला आठवण करून द्यायची, बस्स. दोनदा केलंय, दोन्ही वेळा आठवड्यात गाडी रुळावर.

अनुस्वार
हे अगदी पटलं. मी दहा वर्षांनी पुन्हा पेटीवर बसलो आणि बोटं आपोआप सुरांवर पडली. बोटांच्या स्नायूंना सगळं आठवत होतं. तुमचंही तसंच होईल.

पायवाट
माझा अनुभव एकदम उलट आहे, म्हणून लिहितोय. घोट्याचं हाड मोडलं आणि पाच आठवडे पाय प्लास्टरमध्ये होता. प्लास्टर काढलं तेव्हा दोन पोटऱ्या शेजारी शेजारी बघवत नव्हत्या. चांगल्या पायावर उभं राहून टाच उचलायचो तर २२ वेळा जमायचं, दुसऱ्या पायावर ६. तो पाय मार्गी लागायला चार महिने गेले. 'आठवड्यात परत येतं' असं कुणी म्हटलं की मला राग येतो.

अवजड
श्रावणसर, मी गेली सोळा वर्षं लोकांना वजनं उचलायला शिकवतो आणि खंडानंतर परत आलेली माणसं हे माझं रोजचं काम आहे. सांगण्याआधी तीन गोष्टी विचारतो. त्या चार आठवड्यांत तुमचं चालणं-फिरणं, जिने वगैरे चालू होतं की तुम्ही स्वतः आजारी होतात? जेवण आणि झोप कशी होती? आणि काल तुम्ही ६५ पर्यंत कसे चढलात, म्हणजे आधी किती सेट केलेत?

पायवाट, तुमचा राग रास्त आहे, पण तुमची गोष्ट वेगळी आहे. व्यायाम थांबणं आणि अवयव पूर्ण स्थिर होणं यांत फार अंतर आहे. निरोगी तरुणांचा एक पाय मुद्दाम प्लास्टरमध्ये ठेवून हे मोजलेलं आहे. फक्त ५ दिवसांत मांडीची ताकद सुमारे ९ टक्के घसरली, १४ दिवसांत सुमारे २३ टक्के. स्नायूचा आकार त्या मानाने कमी गेला, साधारण साडेतीन आणि साडेआठ टक्के. तुमचे तर पाच आठवडे होते, वर हाड मोडलेलं आणि सांधा आखडलेला. हिंडत्या-फिरत्या माणसाने जिम बंद ठेवली तर हे आकडे त्याला लागू होत नाहीत.

श्रावणसर
अवजड सर, मी स्वतः आजारी नव्हते. उलट दिवसभर उभी आणि धावपळ. झोप तुटक, चार-पाच तास. जेवण वेळेवर नाही, कधी एकच वेळ. काल रिकामा बार १०, मग ४० चे ८, ५० चे ८, ६० चे ५ आणि मग ६५.

अवजड
चित्र आता बरंच स्पष्ट झालं. तुमच्या १५ किलोंपैकी खरी ताकद थोडीच गेली आहे. बाकीचं काय आहे ते एकेक करून सांगतो.

आधी तुमच्या थरथरीकडे येऊ, कारण मला तीच सगळ्यात बोलकी वाटली. १९९३ चा एक जुना अभ्यास आहे. ताकदीचे १२ मुरलेले खेळाडू १४ दिवस थांबवले. बेंचवर घट १.७ टक्के, स्क्वॉटवर ०.९ टक्के, म्हणजे मोजमापाच्या चुकीत जिरून जाईल एवढीच. पण भार पेलत स्नायू लांबतो तेव्हाची ताकद, म्हणजे वजन सावकाश खाली सोडताना जी लागते ती, मांडीत १२ टक्के घसरली होती. तुम्ही नेमकं हेच लिहिलंय, वर येताना नाही, खाली जाताना थरथर. खाली जाताना ब्रेक लावायची जी सवय असते, ती आधी ढिली पडते.

दुसरं म्हणजे सलग पाच रेप्स. एकदा उचलायची ताकद आणि पाचदा उचलायचा दम या दोन गोष्टी आहेत, आणि खंडात दम आधी जातो. त्यात तुम्ही ६५ वर पोचेपर्यंत २१ भरलेल्या रेप्स मारून आला होतात. महिनाभर रिकाम्या राहिलेल्या पायांना तेवढ्यानेच अर्धा दम लागतो.

तिसरं ते वजन आणि टेप. स्नायूत साठवलेली साखर, ग्लायकोजेन, आपल्याबरोबर पाणी धरून ठेवते, १ ग्रॅममागे साधारण ३ ग्रॅम. व्यायाम थांबला आणि जेवण कमी झालं की तो साठा उतरतो आणि पाणीही जातं. तुमच्या १.६ किलोंमधला मोठा वाटा हाच असणार. मांडीचा एक सेंटिमीटरही बराचसा त्यातलाच. तंतू खरंच बारीक झाले असतील तर थोडे, आणि तेही झोप आणि जेवण बिघडल्यामुळे जास्त.

टेकडी
मधेच विचारते, माफ करा. मी धावते, वजनं नाही. तीन आठवडे थांबले आणि नेहमीच्या वेगाने दोन किलोमीटरवर धाप लागली. ताकद टिकते म्हणताय, मग माझं असं का?

अवजड
कारण दमाचा हिशेब निराळा आहे. थांबल्यावर पहिल्या काही दिवसांतच रक्तातला पातळ भाग, प्लाझ्मा, कमी होतो, आणि हृदय एका ठोक्याला कमी रक्त ढकलतं. कसलेल्या धावपटू-सायकलपटूंना थांबवून १९८४ मध्ये मोजलं होतं, तेव्हा तीन आठवड्यांत ऑक्सिजन वापरायची कमाल क्षमता ७ टक्के उतरली आणि आठ आठवड्यांत १६. तुमच्यासाठी वेगळा धागा काढा, मी येईन तिथे. इथे बारवर राहू.

जुना खेळाडू
अवजड, तुमचं सगळं पटतं, पण एक शंका. ६५ चे ५ कसेबसे झाले हा आकडा समोर दिसतोय आणि तुम्ही म्हणता ताकद आहे. हे ताडून कसं बघायचं? नाहीतर हा नुसता धीर देण्याचा प्रकार होतो. मी ६२ वर्षांचा आहे, मला धीर नको, मोजमाप हवं.

अवजड
चांगला प्रश्न, आणि याला मोजमाप आहे.

पाच रेप्सवरून एका रेपच्या कमाल वजनाचा अंदाज काढायची साधी रीत अशी: वजनात त्याचाच सहावा भाग मिळवायचा. श्रावणसरांचे ८० चे ५ म्हणजे एका रेपला अंदाजे ९३. कालचे ६५ चे ५ म्हणजे अंदाजे ७६. म्हणजे खरोखर ताकद एवढी गेली असेल तर आज त्यांच्याच्याने ८० एकदाही उठता कामा नये.

तेव्हा पुढच्या खेपेला, तीन दिवस सोडून, असं करा. रिकामा बार, मग ४० चे ३, ५५ चे २, ६५ चा १, ७२.५ चा १, ७७.५ चा १. प्रत्येकानंतर दोन-तीन मिनिटं बसा. ७७.५ चा रेप वर येताना मध्ये अडकला नाही तरच ८० चा १. रॅकचे सुरक्षा-दांडे छातीच्या उंचीवर नाही, तुम्ही सगळ्यात खाली जाता त्याच्या दोन बोटं खाली लावा. बाजूने व्हिडिओ घ्या, कॅमेरा कमरेच्या उंचीवर. ८० उठलं तर थांबा, पुढे जायचं नाही. आपल्याला विक्रम नकोय, फक्त उत्तर हवंय.

ही चाचणी निरोगी आणि आधीपासून जड वजनांची सवय असलेल्या माणसासाठी आहे. तापातून उठलेल्याने, शस्त्रक्रिया झालेल्याने किंवा सांधा दुखत असलेल्याने ही करू नये.

रानवारा
म्हणजे शेवटी जुनंच वजन लावायचं म्हणताय की! मी काय वेगळं म्हटलं होतं?

अवजड
एक रेप आणि तीन सेट पाच रेप्स यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. खंडानंतर ताकद फारशी जात नाही, पण मार सोसायची तयारी बरीच जाते. नियमित व्यायामाने स्नायूला एक कवच येतं, म्हणून रोजच्या वजनाने अंग धरत नाही. हे कवच खंडात हळूहळू विरतं. गंमत अशी की ताकद शिल्लक असल्यामुळे माणूस जुनं वजन उचलू शकतो, आणि कवच नसल्यामुळे त्याची किंमत दोन दिवसांनी कळते. नवशिक्यात तेवढं उचलायची ताकदच नसते.

केंद्रकांबद्दल तू बरोबर वाचलंयस, पण अर्धं. ऑस्लोमधल्या संशोधकांनी २०१० मध्ये उंदरांवर दाखवलं की भाराने वाढलेली केंद्रकं स्नायू तीन महिने निकामी ठेवल्यावरही टिकली. माणसांमध्ये मात्र चित्र इतकं स्वच्छ नाही. माणसांवरच्या काही अभ्यासांत ती टिकल्यासारखी दिसतात, काहींत नाही. आणि दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. चार आठवड्यांत स्नायू इतका झिजतच नाही की तो पुन्हा बांधायला केंद्रकांची मदत लागावी. श्रावणसरांच्या बाबतीत आठवण ठेवणारे आधी मज्जातंतू आहेत, मग बाकी सगळं.

अनुस्वार, म्हणूनच तुमचं पेटीचं उदाहरण इथे अर्धं लागू पडतं. बोटांची आठवण मेंदूत आणि मज्जारज्जूत असते, स्नायूत नाही. स्क्वॉटमध्येही तसा भाग आहे: किती तंतू एकदम कामाला लावायचे, पोट कधी आवळायचं, गुडघा कुठे न्यायचा. पण लोक मसल मेमरी म्हणतात तेव्हा त्यांना स्नायूचा आकार लवकर परत येणं असंही म्हणायचं असतं. एकच शब्द दोन गोष्टींना वापरल्यामुळे हा घोळ होतो.

अनुस्वार
हे मला खरंच माहीत नव्हतं. मी इतकी वर्षं बोटांनाच श्रेय देत होतो.

रानवारा
माणसांत सिद्ध नाही म्हणताय तर मग लोक परत लवकर का येतात? सहा महिने, वर्षभर सोडून आलेलेसुद्धा नवख्यापेक्षा झपाट्याने वाढतात. हे मी डोळ्यांनी बघितलंय.

अवजड
ते होतं, त्याबद्दल वाद नाही. कारण कोणतं, यावर वाद आहे. स्त्रियांवरचा १९९१ चा अभ्यास आहे: २० आठवडे व्यायाम, मग सात-साडेसात महिने पूर्ण बंद, आणि मग फक्त ६ आठवड्यांत त्या जवळपास आधीच्या पातळीला आल्या. फिनलंडमध्ये युवास्क्युला विद्यापीठात २०२४ मध्ये आलेला अभ्यास तर या धाग्यासाठीच केल्यासारखा आहे. एका गटाने सलग २० आठवडे वजनं उचलली. दुसऱ्याने १० आठवडे उचलली, १० आठवडे काहीच केलं नाही, मग पुन्हा १०. शेवटी दोन्ही गट ताकदीत आणि आकारात साधारण सारखेच निघाले. खंडात ताकद आकारापेक्षा चांगली टिकली, आणि परत आल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच गेलेलं भरून निघालं. नीट बघा, तो खंड दहा आठवड्यांचा होता, चारचा नाही. मात्र ही माणसं वर्षानुवर्षं वजनं उचलणारी नव्हती, हे ध्यानात ठेवा.

केंद्रकांशिवाय दुसरा दावाही आहे, की जनुकांवर बसलेल्या रासायनिक खुणांमध्ये आधीचा व्यायाम नोंदला जातो. त्यावर २०१८ मध्ये एक लहानसा अभ्यास आला, सात-सात आठवड्यांचे तीन टप्पे होते. माझं मत विचारशील तर दोन्ही थोडं थोडं असावं. पण मी हे छातीठोकपणे सांगणार नाही.

रानवारा
मला अजूनही केंद्रकांचंच जास्त पटतं. पण पहिल्याच दिवशी जुनं वजन लावायचं बोलणं मागे घेतो.

हिरवी पायरी
परवा धाग्याची सुरुवात वाचून मी लगेच जाऊन जुनं वजन लावलं. सहा आठवडे बंद होतं. ९० चे ५, चार सेट, वर लंजेस आणि लेग एक्स्टेन्शन. त्या दिवशी मस्त वाटलं, वाटलं काहीच गेलं नाही. आज तिसरा दिवस. खुर्चीवरून उठताना हात टेकावे लागतात, जिना उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी. मांड्या टणक आणि सुजल्यासारख्या. हे नेहमीचं अंग धरणंच ना?

अवजड
आधी लघवीचा रंग सांगा. आज काही पिणं कमी झालंय का? सूज वाढतेय की स्थिर?

हिरवी पायरी
रंग नेहमीसारखा, फिकट पिवळा. पाणी भरपूर पितोय. सूज कालइतकीच.

अवजड
मग बहुतेक साधंच आहे, पण आज-उद्या लक्ष ठेवा. लघवी गडद तपकिरी झाली, तिचं प्रमाण कमी झालं, सूज वाढत गेली किंवा दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं, तर थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि सांगा की खंडानंतर खूप व्यायाम केला. फुटलेल्या तंतूंमधला मायोग्लोबिन मूत्रपिंडात अडकतो, ते दुखणं घरी बसून बरं होत नाही. रक्तातलं सीके हे स्नायूतलं एन्झाइम तपासलं की कळतं.

तोवर मालिश नको, ताणून बसणंही नको. हलकं चालणं चालेल. आणि तुमच्या त्या दिवशीच्या कामात वजनापेक्षा घात केला तो लंजेस आणि एक्स्टेन्शनने. खंडानंतर कमी करायचे ते सेट आधी, वजन मग.

श्रावणसर
चौथा दिवस. चाचणी केली.

७२.५ उठलं. ७७.५ उठलं, थोडं सावकाश पण न अडकता. ८० लावताना तळहात घामेजले होते. खाली गेले, थरथर आली, आणि वर आले! मध्ये कुठेही थांबले नाही. व्हिडिओ तीनदा पाहिला. जुन्या व्हिडिओशी लावून पाहिल्यावर दोन फरक दिसले. आता मी खाली जाताना घाई करते, आधी दोन आकडे मोजत उतरायचे, आता एक. आणि तळाशी उजवी टाच किंचित उचलली जाते, आधी नव्हती.

म्हणजे अवजड सरांच्या हिशेबाने ७६ हा अंदाज खोटा ठरला ना?

अवजड
ठरला. चार दिवसांत स्नायू वाढत नाही, तेव्हा ८० उचलणारा स्नायू पहिल्या दिवशीही तिथेच होता. चुकतं ते पहिल्या दिवसाच्या आकड्यावरून निकाल लावणं.

एक किंतु मात्र राहतो. आधीचं ९३ आज असेलच असं यावरून म्हणता येत नाही. ८० सावकाश उठलं म्हणताय, तर माझा अंदाज आज तुम्ही ८६ ते ८९ च्या आसपास असाल. म्हणजे चार ते आठ टक्के घट, झोप-जेवण बिघडलेलं धरून.

घाईने उतरणं आणि टाच उचलणं ही एकच गोष्ट आहे. ब्रेक लावायचा भरवसा नाही म्हणून शरीर पटकन खाली टाकतं, तोल बोटांवर जातो. त्यासाठी पुढचे दोन आठवडे हलक्या सेटमध्ये तीन आकडे मोजत खाली जा, तळाशी क्षणभर थांबा. हा सेट फक्त एक, ५५ ते ६० किलोचा. सावकाश उतरणंच सगळ्यात जास्त अंग धरायला लावतं, म्हणून जास्त नको.

बाकी क्रम असा ठेवा. या आठवड्यात ६५ चे ५, फक्त २ सेट, संपताना वाटलं पाहिजे की अजून तीन रेप्स सहज झाल्या असत्या. पुढच्या आठवड्यात ७० आणि मग ७२.५, शेवटी तिसरा सेट जोडा. तिसऱ्यात ७५, ७७.५. चौथ्यात ८०. एखाद्या दिवशी ठरलेल्या वजनाचा पाचवा रेप घासत आला, तर पुढच्या खेपेला तेच वजन ठेवा, वाढवू नका. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोलल्या तर एक सेट कमी.

जुना खेळाडू
वयाबद्दल कुणी बोललं नाही. मला दर वर्षी पाच-सहा आठवडे बाहेरगावी राहावं लागतं, तिथे बार नाही. पस्तिशीत मी दोन आठवड्यांत परत यायचो. आता सहा लागतात. स्वभाव तोच, वही तीच.

अवजड
वयाचा फरक पडतो. अलाबामामध्ये २०११ मध्ये छापलेल्या अभ्यासात तरुण आणि साठीपुढचे अशा दोघांनी १६ आठवडे व्यायाम केला. मग काहींनी ३२ आठवडे फक्त नववा हिस्सा केला, म्हणजे आठवड्यातून तीन दिवस तीन सेटऐवजी एक दिवस एक सेट. तरुणांत ताकद आणि आकार दोन्ही टिकले. ज्येष्ठांत ताकद बरीच टिकली, पण स्नायूचा आकार तेवढ्यावर टिकला नाही.

तेव्हा बाहेरगावी अगदी शून्य करू नका. आठवड्यातून एक-दोन दिवस एका पायावर खुर्चीत सावकाश बसणं-उठणं, आणि पिशवीत वजन भरून तेच. जड वाटलं पाहिजे, रेप्स थोड्या पुरतात. टिकवायला जडपणा लागतो, संख्या नाही.

जुना खेळाडू
एका पायावर बसणं माझा डावा गुडघा मान्य करणार नाही. दोन पायांवर, पण तळाशी पाच आकडे थांबून करतो. पुढच्या खंडात करून आकडे इथे टाकीन.

पायवाट
अवजड, माझी पोटरी अजूनही एक सेंटिमीटर कमी आहे, दीड वर्ष झालं. ताकद मात्र आली, दोन्ही पायांवर २४. मग मसल मेमरीने आकार का परत आणला नाही?

अवजड
घोट्याची हालचाल पूर्ण परत आली का? पाऊल भिंतीपासून किती अंतरावर ठेवून गुडघा भिंतीला टेकतो, दोन्ही बाजूंनी मोजा. टाच खाली पूर्ण जात नसेल तर पोटरी तिच्या लांब अवस्थेत कामच करत नाही, आणि तिथे काम झालं नाही तर आकार मागे राहू शकतो. पण एवढं एकच कारण असेल असं मी म्हणणार नाही. दोन माणसांत सारख्या दुखापतीनंतरही फरक राहतो.

पायवाट
मोजलं. चांगला पाय ११ सेंटिमीटर, दुसरा ७. हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

हिरवी पायरी
सहावा दिवस, मांड्या मोकळ्या झाल्या. लघवी शेवटपर्यंत ठीक होती. सोमवारपासून ६० चे दोन सेट. लंजेस महिनाभर बंद.

श्रावणसर
चोविसावा दिवस. वही समोर ठेवून लिहितेय.

सातव्या दिवशी ७० चे दोन सेट, सहज. दहाव्याला ७२.५, तीन सेट, आणि शरीराचं वजन ६२.७. झोप सहा तासांवर आली तेव्हाच हे झालं, खाणंही वेळेवर. चौदाव्याला ७५ चा पाचवा रेप घासत आला म्हणून सोळाव्यालाही ७५ च केला, आणि तो एकदम हलका वाटला. एकोणिसाव्याला ७७.५. आज ८० चे ५, तीन सेट. शेवटच्या सेटचा शेवटचा रेप जड होता, पण खाली जाताना दोन आकडे पूर्ण मोजले आणि टाच जमिनीवर होती. मांडीचा घेर जुन्या मापापेक्षा पाव सेंटिमीटर कमी.

बेंच मात्र नवव्या दिवशीच ४२.५ वर आला, इतक्या लवकर की मला वाटलं प्लेट चुकीची लावली. आणि डेडलिफ्ट अजून ९२.५ लाच अडकलाय. पाठ किंवा पाय दमत नाहीत, पकड सुटते. तळहातावरचे घट्टे चार आठवड्यांत मऊ पडले होते, आता पुन्हा येतायत आणि एक सोललाय. हे त्वचेमुळे की बोटांची ताकद खरंच जास्त गेली?

अवजड
सोललेल्या हाताने पकड तपासू नका, दुखलं की बोटं आपोआप सैल होतात. घट्टा भरू द्या, कडा घासून सपाट करा. मग पट्टे लावून १०० चे ५ आणि पट्ट्यांशिवाय बारला लटकणं, दोन्ही वेगवेगळ्या दिवशी करा. पट्ट्यांनी १०० आले तर पाठ-पाय परत आलेत. लटकायची वेळ सेकंदांत लिहा. खंडाआधीची तुमच्याकडे नोंद आहे का?

श्रावणसर
नाही, लटकण्याची कधी लिहिलीच नाही. आजपासून लिहिते.